दोघांच्या मधले गार्डमामा

आमच्या पूर्णेत लग्न ठरलेली पोरं व्हिडिओ कॉलवर गुलुगुलु बोलतात, त्यात नवल काही नाही. माझा भाऊ सचिन मात्र शेजारच्या म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून बोलायचा. ते गार्डमामा. रेल्वेत गार्ड होते, निम्मी नोकरी तेलंगणात गेली, त्यामुळे तेलुगू पक्की. सचिनचं लग्न निजामाबादकडच्या श्रीलताशी ठरत होतं. तिला मराठी येत नव्हती, याला तेलुगू, आणि दोघांची हिंदी हातवाऱ्यांपुरती. "लग्नाचं मी ठरवीन, पण आधी बोलून बघीन," असं तिनं बापाला बजावलं होतं. म्हणजे पोराचं सगळं बोलण्यावर अडलेलं, आणि बोलणं मामांवर.

सचिनला कोट्या करायची खोड. पहिल्याच दिवशी म्हणाला, "लग्नात तुझ्यापुढं हार घेऊनच उभा राहीन. घालायला बी आन् मानायला बी." मामांनी डोळे मिटले. तेलुगूत हार वेगळा आणि पराभव वेगळा, दोघांची गाठ कुठंच पडत नाही. मग ते बोलले, "दंड वेसि दंडं पेडतानु." पलीकडे पोरगी खळखळून हसली. नंतर मला म्हणाले, "दंड म्हंजी माळ, दंडं म्हंजी नमस्कार. माळ घालून पाया पडतो, आसं सांगितलं. पराभव गेला, पर शरणागती ऱ्हायली का न्हाई?"

उलट दिशेनंही हीच कसरत. सचिननं विचारलं, "आमच्याकडं आल्यावर काय लागंल तुला?" ती म्हणाली, "पालु." तेलुगूत पालु म्हणजे दूध, आणि पालु म्हणजे हिस्साही. मामा त्या दिवशी दवाखान्यात होते, म्हणून सगळं मोबाइलमधल्या भाषांतराच्या यंत्रातूनच चाललं होतं. ते म्हणालं, दूध. आमच्या वडिलांनी तेवढ्यावर मुऱ्हा म्हशीची चौकशी सुरू केली. मामा परतल्यावर कपाळावर हात मारून म्हणाले, "आरं, तिला म्हैस नगं. 'तुझ्या साऱ्या वाटांत मला वाटा पायजे,' आसं म्हणायली ती. दूध सांडलं, त्याला इलाज न्हाई."

मामांचा नियम एकच होता: "शबूद मेला तरी चालंल, हसू टायमावर पोचलं पायजे." कोटी समजावून सांगणं त्यांना पाप वाटे. "समजावलेला इनोद म्हंजी गार भज्यं," म्हणत. आम्हांला हे सगळं झकास वाटायचं. सचिनला मात्र हळूहळू पोटात दुखायला लागलं. पोरगी हसायची ती आपल्याला की मामांना? प्रेमात दुभाष्याचा मत्सर करणारा पूर्णा जंक्शनवरचा तो पहिलाच नवरदेव असावा.

एकदा श्रीलतानं सांगितलं, की ती बसली आणि स्टूल मोडलं. सचिन म्हणाला, "मग! तू हायसच लय भारी." मामांनी 'गोप्प' म्हणजे थोर, झकास एवढंच पोचवलं. वजनाचा चिमटा गाळला. सचिनला संशय आला. रात्रभरही धीर न धरता त्यानं तेच वाक्य यंत्रातून काढून स्वतः पाठवलं. यंत्रानं नेमका दुसरा अर्थ धरला: तू फार वजनदार आहेस. पोरीनं फोन बंद केला. तिच्या बापाचा निरोप आला, सोयरीक राहू द्या.

घरात सुतक आल्यागत झालं. सचिन जेवेना. शेवटी मामांनीच तिच्या बापाला फोन लावून पोरीला बोलवायला सांगितलं, आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं. कोटी समजावून सांगितली. मराठीत भारी म्हणजे जड, आणि भारी म्हणजे झकास. मी एक अर्थ दिला, यंत्रानं दुसरा. पोरानं दोन्ही एकदम म्हटले होते. शिवाय आजवर तू हसलीस त्यातले निम्मे शब्द माझे होते, खोडी मात्र त्याची होती. हे सगळं त्यांनी आम्हांलाही मराठीत ऐकवलं, त्यामुळे सचिनचं तोंड बघण्यासारखं झालं.

मग तिनं काहीतरी विचारलं. मामा सचिनकडे वळले. "ती इचारायलीय, तुझ्या मनात कोणचा अर्थ व्हता? ह्याचं उत्तर मी देनार न्हाई. दोनला 'रेंडू' म्हणतेत, झकासला 'गोप्प'. तुझं तू बघ."

'गोप्प' म्हणून सुटता आलं असतं. सचिन घाम पुसत म्हणाला, "रेंडू."

ती जी हसली, ती फोन हातातून पडेपर्यंत. मामा खुर्चीतून उठले आणि चपला घालून घरी गेले. त्यानंतर बोलावलं तरी त्या खुर्चीत बसले नाहीत. "आता चुकू द्या त्येंचं त्येंना," म्हणायचे.

लग्नानंतर महिन्याभरातच मामा गेले. श्रीलताला तोवर मराठीतलं चहा-जेवणापुरतं येत होतं. ती त्यांच्या पायांशी बसून तेलुगूत काहीतरी बोलली, आणि रडता रडता मध्येच हसली. नक्कीच काहीतरी खोडी काढली असणार. आम्ही सगळे भोवती उभे होतो, आणि ती काय म्हणाली हे आम्हांला सांगणारं कोणी नव्हतं.