मादामची जागा

ऑफिसात तिला सगळे मादाम म्हणत. शिपाई म्हणे, ट्रकवाला म्हणे, आणि घरी नवराही म्हणे. "मादाम, भाजीत मीठ राहिलंय." पत्र्याचे छापील डबे बनवणाऱ्या त्या कारखान्यात फ्रेंच येणारी ती एकटी होती. बिस्किटवाले, चहावाले, मिठाईवाले असे तिकडचे सगळे फ्रेंच ग्राहक गेली कितीतरी वर्षं तिच्याच जिभेवर चालत आले होते. लग्नाआधी संध्याकाळच्या वर्गात ती भाषा शिकली होती. तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "याचा उपयोग काय, पोळ्या फ्रेंचमध्ये लाटणार आहेस?" त्याच भाषेवर पुढे तिने घर उभं केलं, मुलाला शिकवलं आणि काकूंच्या नातवाला नोकरीसाठी शिफारसपत्रही दिलं.

आता मोठी बहीण अंथरुणाला खिळली होती, आणि तिच्याकडे राहायला जायचं ठरलं होतं. मादामने राजीनामा दिला. नवी मुलगी आली. हुशार होती, उच्चार स्वच्छ होते, थोडी भित्री होती. मादामने तिच्या हाती सगळं सोपवलं. कोणता ग्राहक आधी फोन करतो नि मगच लिहितो, कोणाला डब्याच्या झाकणाचा आवाज ऐकवावा लागतो, ऑगस्टमध्ये त्यांची ऑफिसं ओस पडतात म्हणून महत्त्वाचं काही त्याआधीच का पाठवायचं, एवढं सगळं. शेवटी ती ग्राहकांना पाठवायचा मजकूर घेऊन धाकट्या मालकांकडे गेली.

त्यांनी कागद पाहिला आणि टेबलावर उलटा ठेवला.

"हे कशाला?"

"मी जातेय हे कळवायला. आणि हिची ओळख करून द्यायला."

"गाजावाजा नको, मादाम. तुम्ही गेलात हे कळलं की ते बिथरतील, दरात घासाघीस करतील. ही तुमच्याच मेलच्या पत्त्यावरून, तुमच्याच नावानं लिहील. त्यांना काय कळतंय?"

मादामला आधी वाटलं, चेष्टा आहे. मग त्यांचा चेहरा पाहिला.

"माझ्या नावानं?"

"नाव कंपनीचंच की. पत्ता कंपनीचा, टेबल कंपनीचं."

हा माणूस शाळेच्या गणवेशात इथे येऊन तिच्याकडून टॉफी घ्यायचा. तिने फक्त एवढंच म्हटलं, "तिकडे माणूस बदलला की जाणाऱ्यानं येणाऱ्याचा हात धरून ग्राहकाला ओळख करून द्यायची असते. नाहीतर ते विचारतात, लपवलंत का? आणि मग बाकीचं काय लपवलंय तेही शोधतात."

"पाहू," धाकटे मालक म्हणाले. या कारखान्यात 'पाहू' म्हणजे 'नाही' असतं, हे तिला चांगलं माहीत होतं.

दुपारी ती स्वतःच्या टेबलापाशी आली, तर नवी तिथे बसून तिच्या जुन्या पत्रांतली वाक्यं उतरवत होती. पत्राच्या शेवटी नावाआधी येणारी सलामाची ओळसुद्धा.

"काय चाललंय?"

"सर म्हणाले, तुमच्यासारखं लिहायला शीक," मुलीची मान खाली होती.

"माझ्यासारखं लिही. पण माझं नाव घालून?"

मुलगी एकदम उसळली. "मला हौस आहे का मादाम? तुमच्या नावानं शिव्या खाऊ? आणि चांगलं काम केलं तरी शाबासकी तुमच्याच खात्यात! घरी आई विचारते, तुझ्या नावाचं कार्ड छापून आलं का. तिला काय सांगू, मी भूत म्हणून लागलेय?"

मादामला हसू आलं असतं, पण राग अजून तसाच होता. तो आता एकटीचा राहिला नव्हता, एवढंच.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे बिस्किटांच्या कारखान्याचे खरेदी बघणारे म्हातारे गृहस्थ होते. पंधरवड्याला एकदा ते फोन करत, आणि नेहमी डब्यांपेक्षा आधी हवामानाचं बोलत. धाकटे मालक दारातच उभे होते. त्यांनी मुलीला बोट दाखवलं, उचल.

मुलीने उचलला. "बाँझूर," ती म्हणाली, आणि मालकांकडे पाहून, "हो, मीच बोलतेय."

पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. मुलगी ऐकत राहिली. मादामला ऐकू येत नव्हतं, पण तिला ठाऊक होतं. म्हातारा मादामच्या बहिणीची चौकशी करत असणार. गेल्या वेळी तिनेच बहिणीच्या आजारपणाचं सांगितलं होतं.

मुलगी सरळ बसली आणि स्वच्छ फ्रेंचमध्ये म्हणाली, "माफ करा, महाशय. मी त्या नाही. मी नवीन आहे. त्या माझ्या शेजारीच आहेत."

मालकांचा चेहरा पडला. "काय बोलली ती?" त्यांनी मादामला विचारलं.

"खरं बोलली," मादाम म्हणाली आणि रिसीव्हर घेतला.

म्हातारा आधी तिच्यावरही विश्वास ठेवेना. बहिणीचं ऐकून हळहळला. मग जरा रागातच म्हणाला, "आणि मला कोणी कळवलं नाही? मी पुढच्या हंगामाची ऑर्डर देणार होतो. ती कोणाच्या नावानं पाठवू, मादाम? मला लेखी कळवा. नाव, पत्ता, फोन, तारीख. आणि त्या मुलीनं स्वतःही एक ओळ लिहावी. तोवर माझी सही थांबलीय."

मादामने शब्दशः सांगितलं. मालक एकदम गोड झाले. "ठीक आहे ना, पाठवा. पण एक काम करा. तब्येतीमुळे जातायत असं लिहा. बरं दिसेल."

"माझी तब्येत ठणठणीत आहे. आणि मघाशी तुम्ही मला जिवंतपणी नाहीसं करायला निघाला होतात, आता आजारी पाडताय. एवढं करू नका."

"आवाज खाली ठेवा, मादाम."

"इतकी वर्षं खालीच ठेवला. आज नाही ठेवणार."

मालक गेले. दार आपटायची त्यांची पद्धत वडिलांसारखीच होती, फक्त वडिलांनी ती क्वचित वापरली होती.

सगळ्यांना एकच मेल टाकायची नाही, एकाच ओळीत सगळे पत्ते तर मुळीच नाही, नाहीतर आपले सगळे ग्राहक एकमेकांना दिसतील, असं मादामने मुलीला सांगितलं. प्रत्येकाला वेगळं लिहायचं. पहिला परिच्छेद मादामचा होता: मी अमुक तारखेपासून काम सोडते, तुम्ही माझ्यावर जो विश्वास ठेवलात त्याबद्दल आभार. दुसऱ्यात मुलीचं पूर्ण नाव, तिचा स्वतःचा पत्ता, थेट फोन. चालू ऑर्डरी जशा होत्या तशाच, हे ठळक. मग शेवटची सलामाची ओळ. म्हाताऱ्याला मोकळी, नव्या चहावाल्या कंपनीला औपचारिक. खाली दोघींची नावं, आधी जाणारीचं, मग येणारीचं.

शेवटचं पत्र गेल्यावर मादामने स्वतःच्या मेलच्या पत्त्यावर आपोआप जाणारं उत्तर लावलं: या पत्त्यावरची व्यक्ती आता इथे नाही, पुढील कामासाठी यांच्याकडे लिहा. मग घरच्या मेलवरून स्वतःच स्वतःला एक ओळ टाकून पाहिली. उत्तर लगेच आलं. त्यात ती नव्हती, आणि मुलीचं नाव होतं. बरोबर स्पेलिंगसह.

"तुमचा राग गेला का?" मुलीने विचारलं.

"नाही," मादाम म्हणाली. "तू मात्र वेळेवर घरी जा. आईला दाखव हे."

निरोपाच्या चहाला ती थांबली नाही. कप तिचा होता, तो पिशवीत घातला. टेबल कंपनीचं होतं, ते राहिलं.