कमुरत्यातला सर्व्हर

बमरोलीच्या साडी छापणाऱ्या कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. डिसेंबरात मॅनेजरला ईमेल केला: "सर्व्हरच्या दोन्ही डिस्कवर एकच डेटा असतो. एक बंद पडली आहे, दुसरीवर खराब सेक्टर रोज वाढताहेत. तीही गेली की डिझाइन, ऑर्डरी, सगळं ठप्प. मशीन इतकं जुनं आहे की सुटे भाग मिळत नाहीत. नवा सर्व्हर याच आठवड्यात घ्यावा."

उत्तर मालकांसकट सगळ्या ऑफिसला गेलं: "कमुरता, अशुभ महिना चालू आहे. संक्रांतीपर्यंत नवी वस्तू घ्यायची नसते, एवढंही कळत नाही?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी रोजचा बॅकअप मी वेगळ्या हार्ड डिस्कवर घेत राहिलो.

संक्रांतीच्या चार दिवस आधी दुसरी डिस्क गेली. छपाई थांबली, मालक धावत आले. त्यांच्यादेखत मॅनेजर माझ्यावरच खेकसला, "आधी सांगायला तोंड नव्हतं? जा, आत्ताच्या आत्ता नवा सर्व्हर आण!"

मी बॅकअपची डिस्क टेबलावर आपटली. "डेटा हा घ्या. सर्व्हर कसा आणू, साहेब? कमुरता संपायला अजून चार दिवस आहेत."