हिरवी पिन

माझ्या बायकोच्या वडिलांचा आवाज आमच्या घरात एका डिस्कवर होता. मुळात ती तिच्या धाकट्या भावाच्या लग्नाची कॅसेट. गावाकडे व्हीसीआर बिघडला तेव्हा कॅसेटला बुरशी धरू लागली, म्हणून मी ती दुर्गच्या एका स्टुडिओत देऊन तिची डीव्हीडी करून आणली होती. सगळं लग्न तीन तासांचं, पण बायकोला हवी असायची ती मधली दोनेक मिनिटं. मांडवाच्या कडेला सासरे उभे आहेत, तळहातावर तंबाखू मळताहेत. कॅमेरावाला त्यांच्याकडे वळतो तसे ते ओशाळतात आणि म्हणतात, "मले कावून दाखवून राहिला बाप्पा, नवरीले दाखव." मग मागे वळून मुलीला हाक मारतात, "बाई, पंगतीत मठ्ठा पोचला का?" आणि पदर खोचलेली माझी बायको धावत जाताना दिसते, पाठमोरी.

एवढंच. दर वर्षी वडिलांच्या तिथीला नैवेद्य दाखवून झाला, जेवणं आटोपली, की ती टीव्हीसमोर खाली बसायची आणि म्हणायची, "लावा न जी."

मी दुर्गजवळच्या स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन होतो. पुढे इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेलो. प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या आमच्या क्वार्टरच्या ओळीत कोणाचा पंखा, कोणाची इस्त्री, कोणाचा कूलरचा पंप, सगळं माझ्याकडे यायचं. बायकोला याचा अभिमान होता आणि मला तिच्यापेक्षा जास्त.

निवृत्त झाल्यावर आम्ही जवळच रिसालीत घर घेतलं आणि नवा चपटा टीव्ही आणला. जुना डीव्हीडी प्लेअर पूर्वी पिवळ्या वायरवर चालायचा. नव्या टीव्हीचं ते पिवळं भोक सेट-टॉप बॉक्सने अडवलेलं. दुकानदार म्हणाला, "कंपोनंट केबल लावा, चित्र जास्त साफ येईल," आणि त्याने ती दिली. लाल, हिरवी, निळी अशा तीन पिना चित्रासाठी, आणि वेगळी लाल-पांढरी जोडी आवाजासाठी.

लाल पिना दोन आहेत हे मी लगेच ओळखलं. आवाजाची लाल चित्राच्या लाल भोकात जाऊ नये म्हणून तिला पांढऱ्या धाग्याची गाठ मारली. नवखा माणूस तिथे चुकतो. मी चुकलो ते हिरव्या पिनेवर.

आमच्या कामात हिरवी वायर म्हणजे अर्थ, जमिनीला जोडायची. तीस-पस्तीस वर्षं दुसरा अर्थ डोक्यात आलाच नाही. आणि सिग्नलच्या केबलचं आवरण अर्थला जोडायचं ते एकाच टोकाला, दोन्ही टोकांना जोडलं की त्यात गुणगुण येते, हे मी शिकाऊ पोरांना स्वतः शिकवलेलं. म्हणून प्लेअरच्या बाजूला हिरवी पिन लावली, टीव्हीच्या बाजूची मागे दुमडली आणि तिच्यावर काळी टेप गुंडाळली. काम इतकं सुबक झालं होतं की मी बायकोला मागून वाकून बघायला लावलं.

त्या दिवशी सासऱ्यांची तिथी होती. मेहुणाही, तिचा शेती करणारा धाकटा भाऊ, गावाहून आलेला. रिमोटवर कंपोनंट निवडलं. काळा पडदा, कोपऱ्यात सिग्नल नसल्याची अक्षरं. आवाजही नाही, कारण तो टीव्ही चित्र मिळालं नाही की तोंडही बंद ठेवतो. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी लाल-निळ्या पिना काढून पुन्हा बसवल्या, डिस्क पुसली, प्लेअर बंद करून चालू केला.

"भाऊजी, ते हिरवं कावून मोकळं सोडलं?" मेहुण्याने विचारलं.

"तू धानाचं पाहा," मी म्हणालो. "ते अर्थ आहे. समजते का तुले?"

"आमाले कुठचं समजते. आमच्या घरी तर बटण दाबलं तरी बायको विचारते, शॉक तर नाही लागणार?"

बायको हसली. मला ते हसू टोचलं. प्लेअरवर हात ठेवला तर तो गरम लागला, आणि त्यावर तिने स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल पसरलेला होता. मी तो ओढून खाली टाकला.

"हे पाहा. झाकून झाकून जाळला तू. किती वेळा सांगितलं, मशीनले हवा लागते."

"मी तर धूळ नको बसावी म्हणून..."

"झालं न मग! आता बस धूळ पुसत."

तिने भावाकडे पाहिलं, मग रुमाल उचलून घडी केला आणि ती आत गेली. थोड्या वेळाने चहा घेऊन आली तेव्हा म्हणाली, "दुरुस्त होईल न जी?"

"पाहतो," मी म्हणालो.

त्यानंतर त्या प्लेअरला तिने हात लावला नाही. खोली झाडायची, टीव्ही पुसायची, प्लेअरभोवतीचा एवढा चौकोन सोडून द्यायची. पुढच्या तिथीला ती जेवणानंतर टीव्हीसमोर बसली नाही. स्वयंपाकघरात भांडी जरा जास्त वेळ वाजत राहिली.

दोन वर्षं अशी गेली. मग समोरच्या घरी सत्यनारायण होता. शेजारी ब्लास्ट फर्नेसमधून निवृत्त झालेले, त्यांच्याकडेही जुना प्लेअर, तसलीच केबल. भजनाची डिस्क चालू होती. पूजेला जागा व्हावी म्हणून आम्ही दोघांनी टीव्हीचं टेबल सरकवलं आणि ताण बसून एक पिन निसटली. पडदा काळा, भजन बंद. शेजाऱ्यांनी हात घालून पिन पुन्हा खुपसली. चित्र आलं, भजन आलं.

ती हिरवी होती.

"ये तो अर्थ है ना?" मी विचारलं.

ते मोठ्याने हसले. "क्या दादा, आप इलेक्ट्रिशियन होके! यही तो पिक्चर है. लाल-नीला निकाल दो तो ब्लैक एंड वाइट चलेगा, ये निकाला तो राम नाम सत्य."

मी प्रसादही न घेता घरी आलो. बायको तिथेच बायकांमध्ये बसलेली. घरात कोणी नव्हतं. मी टेप सोडली. दोन वर्षांनी तिचा गोंद बोटांना चिकटत होता. हिरवी पिन हिरव्या भोकात बसवली. घाईत लाल-निळ्याही काढून बसवल्या, त्यात त्यांची अदलाबदल झाली, आणि समोर मांडव आला तो सगळ्यांची तोंडं निळी घेऊन. पिना बदलल्या. तोंडं माणसांची झाली. डिस्क पुढे नेली. सासरे तंबाखू मळत होते. "मले कावून दाखवून राहिला बाप्पा."

धावत जाऊन तिला बोलावून आणायला किती वेळ लागला असता? रस्ता ओलांडायचा होता फक्त. मी दारापर्यंत गेलोही. तिथे उभा राहून वाक्य जुळवू लागलो. तिने विचारलंच असतं, काय झालं होतं? शेजाऱ्यांचं हसणं अजून कानात होतं. मग तिच्या भावासमोर मी काय बोललो होतो ते आठवलं. मी परत आलो आणि हिरवी पिन काढली. टेप मात्र पुन्हा लावली नाही. तिथीला लावून दाखवू, म्हणू की सुधरला, असं मनाशी ठरवलं. म्हणजे तेव्हाही खरं सांगायचं नव्हतंच.

तिथीला सात महिने होते. बायको त्याआधीच, चौथ्या महिन्यात आजारी पडली. दवाखान्यात एकदा तिने आपण होऊन विषय काढला, "बाबाचं ते पाहाले भेटलं असतं." मी म्हणालो, "घरी चाल, मग पाहू." ती घरी आली नाही.

या गोष्टीला चार वर्षं झाली. तेव्हापासून मी ते चित्र कितीदा पाहिलं याची मोजदाद नाही. सासऱ्यांची हाक आली की पाठमोरी ती धावते, आणि दर वेळी वाटतं, आता वळेल. तोंड दिसेल. कॅमेरा तेवढ्यात नवरीकडे जातो.

गेल्या आठवड्यात मेहुणा आला. मी त्याला टीव्हीसमोर बसवलं आणि डिस्क लावली. बापाला पाहून त्याने हात जोडले. मग दचकून माझ्याकडे पाहिलं. "अरे, हा सुधरला केव्हा?"

"बिघडलाच नव्हता," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. टेपचं, शेजाऱ्यांचं, दारापर्यंत जाऊन परत आल्याचं.

 तो पडद्याकडे पाहतच म्हणाला, "माझ्या मोबाईलमध्ये हे कधीचं आहे, भाऊजी. पोरीनं तुमच्याच डिस्कवरून भरून दिलं होतं. ताईले म्हणलं होतं, पाठवतो तुले. तर म्हणे, नको."

"कावून?"

"म्हणे, ते दुरुस्त करून राहिले. त्यांच्या हातची वस्तू आजवर बिघडलेली राहिली नाही. आणि तू पाठवला तर त्यांले वाटन, माझ्यावर भरोसा नाही."

मला वाटत होतं तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "हा प्लेअरचा डबा अन् डिस्क मी नेऊ का? मोबाईलमध्ये बाबा लहान दिसते."

"ने," मी म्हणालो.

मी पिना काढल्या, केबल गुंडाळली. त्याला लावता यावं म्हणून वहीचं पान फाडून लिहून दिलं: हिरवी हिरव्यात, हिच्यातच चित्र आहे, ही आधी. निळी निळ्यात, लाल लालमध्ये, या दोन रंगासाठी. धाग्याची गाठ असलेली लाल आणि पांढरी आवाजासाठी, शेजारच्या जोडीत. मग रिमोटवर कंपोनंट.

तो वाचून पान खिशात घालणार, तेवढ्यात मी ते परत मागितलं. प्लांटमध्ये शिफ्ट सुटताना लॉगबुकात बिघाड, कारण आणि सही लिहून द्यायची पद्धत होती. कोणाची चूक ते पुढच्या माणसाला कळलं पाहिजे. मी खाली लिहिलं: बिघाड, चित्र व आवाज नाही. कारण, हिरवी पिन मी लावली नव्हती. प्लेअर चांगला आहे. तुझ्या ताईच्या हातून काही बिघडलेलं नाही. खाली सही केली.

मेहुण्याने ते उभ्यानेच वाचलं. या वेळी पान खिशात न घालता त्याने ते डिस्कच्या कव्हरमध्ये सरकवलं, आणि आम्ही बसस्टँडकडे निघालो.