आधीचं बोलणं ठाऊक नसताना

घरातला पहिला पदवीधर मी; डेअरी-यंत्रं विकणाऱ्या कंपनीच्या कळंबच्या कार्यालयात एकटाच रुजू झालो. आधीचा सेल्समन सोडून गेला होता. त्याच्या मागे लोहाऱ्याच्या एका दूधवाल्याचा फक्त ईमेल पत्ता उरला होता.

पहिली विक्री झाली तरच नोकरी पक्की होणार होती. साहेब फोनवर म्हणाले, "त्याला मोघम लिही, तुला आधीचं ठाऊक नाही हे कळू देऊ नकोस."

मोघम जमेना. मी लिहिलं, "आपलं आधी काय बोलणं झालं, कोणतं यंत्र हवं होतं, मला माहीत नाही. कृपया सांगाल का?" खाली नंबर दिला.

दुपारी त्या दूधवाल्याचा फोन आला. "काय ओ, त्यो आधीचा लई बडबड्या, तुम्हाला कायबी सांगून गेला न्हाय व्हय? दूध थंड करायची टाकी पाहिजे होती. घेतली दुसरीकडून."

"बरं," म्हणालो, आणि तरीही त्याची नवी टाकी कशी चालते ते विचारत राहिलो. दिवसभरात माझ्याशी बोलणारा तो पहिलाच माणूस होता.