हातांची लांबी

दवाखान्यात तिला सगळे फुंकणीबाई म्हणत. श्वासाच्या तपासणीच्या खोलीत ती दिवसभर ओरडायची, "फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका!" घरी गेल्यावर मात्र तिच्या तोंडून एक शब्द निघत नसे. बोलणार कुणाशी, भिंतींशी? एकटेपणाची सवय होते म्हणतात. तिला झाली नव्हती.

त्या दुपारी एक आजी आल्या. जन्मभर शिवणयंत्रावर वाकून पाठ कमानीसारखी झालेली. बरोबर कुणी नव्हतं.

नाकाला चिमटा लावून आजींनी तीनदा फुंकलं. तिन्ही वेळा आकडे जवळपास सारखेच आले. बाईने तक्ता भरला. पूर्ण श्वास एक लिटर सहाशे मिली, पहिल्या सेकंदातला एक लिटर साडेतीनशे. वय आणि उंचीनुसार अपेक्षित आकड्यांच्या ब्याऐंशी आणि नव्वद टक्के.

"आजी, सगळं नॉर्मल आहे."

आनंद व्हायचा सोडून आजींचा चेहरा पडला.

"म्हणजे सून म्हणते तेच खरं. जिना चढताना मी नाटक करते. मुलगाही तेच म्हणतो."

सही करायला आजींनी बसल्या जागेवरून हात लांबवला आणि टेबलाच्या पार पलीकडचं पेन उचलून घेतलं. बाई बघतच राहिली. एवढ्याशा देहाला एवढा लांब हात? मग तिचं तिलाच उमगलं. वाकलेल्या पाठीची उंची धरून तिने अपेक्षित आकडे काढले होते. पाठ वाकली म्हणून उंची कमी झाली होती, मूळची फुप्फुसं काही लहान नव्हती. अशा वेळी उंचीऐवजी पसरलेल्या हातांची लांबी धरायची, ती जवळपास मूळच्या उंचीएवढीच असते, हे तिला पाठ होतं. घाईत ती सपशेल विसरली होती.

"आजी, जरा भिंतीला टेकून हात पसरा."

"वाव मोजताय होय, या बोटांपासून त्या बोटांपर्यंत! टेपचं ते टोक मी धरते. मापं घेण्यात जन्म गेला माझा." आजी हसल्या. "असे हात पसरून जवळ घ्यावं, असं कुणी समोर आलं नाही कितीतरी वर्षांत."

बाईने ऐकलं आणि टेप उगाच दोनदा लावला.

उंची एकशे बेचाळीस, हात एकशे अठ्ठावन्न. तक्ता बदलला. पूर्ण श्वास चौसष्ट टक्के, पहिल्या सेकंदातला सत्तर. दोन्हींचं आपसातलं प्रमाण मात्र चांगलं, म्हणजे श्वासाच्या नळ्या मोकळ्या. शेऱ्यात तिने लिहिलं: फुप्फुसं आकसल्याचा संशय, खात्रीसाठी त्यांचं एकूण आकारमान तपासावं.

"चूक माझी होती, आजी. तुमचा श्वास खरंच कमी पडतोय. डॉक्टर पुढची तपासणी सांगतील."

आजींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हसूही. आजार निघाल्यावर इतकं हायसं वाटलेलं माणूस बाईने पहिल्यांदाच पाहिलं.

"म्हणजे मी खोटं बोलत नव्हते," आजी म्हणाल्या. "तुम्ही हे फोनवर मुलाला सांगाल? माझं तो ऐकत नाही."

बाईने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा आजींनीच तिचा हात धरला.

"राहू द्या. तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं, आजी," फुंकणीबाई म्हणाली, आणि तिचाच श्वास अपुरा पडला.