धोंड्याच्या महिन्यातली जोडाक्षरं

अधिक महिन्यात जावयाला देवाच्या जागी बसवतात. आम्ही त्याला कम्प्युटरसमोर बसवलं.

धाकटी लेक इथंच बदनापूरला शेतीत एमएस्सी करते. प्रबंध इंग्रजीत, पण शेवटी मराठी सारांश लागतो. सगळं तिनं झीलाटेक या छपाईची मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलं, आणि पीडीएफमध्ये सारांशाच्या जागी नुसते रिकामे चौकोन. तिचे सर त्याच संध्याकाळी लांबच्या रजेवर निघणार होते. त्याआधी सही मिळाली नाही, तर तिची तोंडी परीक्षा पुढच्या सत्रात.

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो, प्रश्नपत्रिका झीलाटेकमध्येच काढतो. पण बायको म्हणाली, "तुम्ही ऱ्हाऊ द्या. जावई पुण्याच्या कंपनीत हायेत."

फाईल चालवताना कम्प्युटर जी नोंद ठेवतो, तो लॉग जावयानं उघडला. 'या फॉन्टमध्ये हे अक्षर नाही' अशी ओळ एकेका मराठी अक्षरासाठी छापलेली होती. यापेक्षा स्वच्छ भाषेत कम्प्युटरनं काय सांगायचं?

"वॉर्निंग आहेत हो, एरर नाहीत," तो म्हणाला. "आम्ही बघतसुद्धा नाही."

मला त्याच्या कंपनीच्या गिऱ्हाइकांची कीव आली. तोंडानं मात्र म्हणालो, "बराबर, जावईबापू."

मग धाकटीनंच सांगितलं, की फॉन्ट इंग्रजी आहे. त्यानं तासभर शोधून सारांशाला देवनागरी फॉन्ट लावला. अक्षरं उमटली. 'क्षेत्र' मात्र पाय मोडून पडलेलं, प्रत्येक हलन्त उघडा, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसलेली.

"बघा, एकही वॉर्निंग नाही!"

नसणारच. अक्षरं सगळी होती. ती जोडायची कशी हे कुणी सांगितलं नव्हतं.

"वाचणाऱ्याला कळतं हो," तो म्हणाला.

"दाजी, वाचणार सर हायेत. मी न्हाई."

बायकोनं डोळे वटारले. जावयाला पुरणाचे धोंडे वाढले. तो आठ खाऊन आडवा झाला, तेव्हा मी खुर्चीत बसलो. फॉन्टच्या ओळीत `Script=Devanagari` एवढं घातलं, फाईल पुन्हा चालवली. जोडाक्षरं जुळली, वेलांट्या जागेवर आल्या.

"बाबा, हे तुम्हाला सकाळीच माहीत व्हतं?"

"हो."

"मंग बोलले का न्हाई?"

"धोंड्याचा महिना."

एवढा वेळ जी नजर मी मनातल्या मनात जावयावर रोखून होतो, तीच पोरीनं उघड माझ्यावर रोखली. प्रिंट घेऊन ती ऑटोनं गेली, आणि सरांच्या गाडीत बॅगा चढत असताना सही घेऊन आली.

जावई तोवर उठून चहा पीत होता. "झालं ना? मी म्हटलंच होतं, फॉन्टचा इश्यू."

"फॉन्ट तुमचा, दाजी. पण अक्षरं बाबांनी जोडली. तुम्ही झोपल्ते तवा."

बायकोच्या हातातला झारा थांबला. जावई माझ्याकडं वळला. "मग मामा, सकाळीच सांगायचं ना!"

दिवसभरातलं त्याचं हे पहिलं बरोबर वाक्य होतं. मी नववा धोंडा त्याच्यापुढं ठेवला.