दहा हजार हर्ट्झला एक पंचमांश

आमच्या धंद्यात कान हे हत्यार. माझ्या उस्तादांनी मला तेवढंच शिकवलं: मीटरने जोडायचं, पण शेवटचा कपॅसिटर कानाने लावायचा. घाटकोपरच्या माझ्या खोलीत बत्तीस वर्षं मी तसंच केलं. रेकॉर्ड प्लेअरसाठी प्रीअँप्लिफायर बनवायचा, ओळखीची तबकडी लावायची, दोन-तीन कपॅसिटर आलटून-पालटून लावून बघायचे आणि जो कानाला गोड लागेल तो डाख देऊन पक्का करायचा. मला त्याचा माज होता, हे आता कबूल करतो.

तो कपॅसिटर कशासाठी, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. रेकॉर्ड कापताना जाड, खर्जातला आवाज आहे तसा कापला तर खाच एवढी नागमोडी जाते, की शेजारच्या खाचेत घुसते आणि सुई उडते. म्हणून जाड आवाज मुद्दाम दाबून कापतात. बारीक, टिपेच्या आवाजाचं उलट: तो वाढवून कापतात, नाहीतर तबकडीच्या खरखरीत तो बुडून जाईल. थोडक्यात, रेकॉर्डवर गाणं वाकडं करूनच ठेवलेलं असतं. किती वाकडं, याचं माप सगळ्या जगाने एकच ठरवलंय. त्याला रिआ म्हणतात. ते वाकडं नेमकं उलट वाकवून सरळ करायचं, हे प्रीअँपचं काम. हजार हर्ट्झच्या हिशेबात पन्नास हर्ट्झचा जाड आवाज सातपट वाढवायचा आणि दहा हजारचा बारीक आवाज एक पंचमांशावर आणायचा. बारीक आवाजासोबत खरखरही खाली जाते, हा फायदा. सुईकडून येणारा आवाज असाच, न सुधारता, ऐकला तर पत्र्याच्या डब्यात कुणी बोलतंय असं वाटतं.

मागच्या वर्षी मरोळच्या गावठाणातून एक बाई आल्या. चौऱ्याहत्तरीच्या, आमच्यासारखंच मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती. मी त्यांना आंटी म्हणू लागलो. त्यांचे यजमान गोरेगावच्या स्टुडिओत व्हायोलिन वाजवायचे. आता ते नाहीत. एका रेकॉर्डवर मात्र दीडेक मिनिट त्यांचं एकट्याचं व्हायोलिन आहे. घरातला जुना अँप्लिफायर जळल्यापासून ती रेकॉर्ड गप्प होती. त्यांना एवढंच हवं होतं: ते दीड मिनिट, होतं तसं.

मी मन लावून प्रीअँपचा डबा बनवला. शेवटच्या टप्प्यात साडेसात किलोओहमच्या रेझिस्टरसोबत दहा नॅनोफॅरडचा कपॅसिटर बसतो, हे पुस्तकातलं गणित मला पाठ आहे. पण तो लावून ऐकलं, तर व्हायोलिनवर कुणी गोधडी टाकल्यासारखं. मग साडेपाचच्या आसपासचा लावला, म्हणजे बारीक आवाज कमी दाबला जातो. झकास. डबा गेला.

आठवड्यात आंटी डबा आणि रेकॉर्ड घेऊन परत. म्हणाल्या, "हे त्याचं व्हायोलिन नाही. सुरीने बशी खरवडल्यासारखं वाजतं."

त्यांना बसवून मी पुन्हा वाजवून दाखवलं. मला ते सुरेखच लागत होतं. आणि मी काय बोललो? आजही लिहिताना लाज वाटते. म्हणालो, "आंटी, राग मानू नका, कानांचं वय होतं."

त्यांनी राग मानला नाही. डबा टेबलावर ठेवून गेल्या.

त्याआधी त्याच वर्षी दोन गिऱ्हाइकांनी असंच म्हटलं होतं. एकाला मी त्याचे स्पीकर वाईट आहेत असं सांगून वाटेला लावलं, दुसऱ्याच्या वेळी दोष सुईवर ढकलला. तिसऱ्यांदा मात्र मीटर काढला. मी डबा उघडला, हव्या त्या हर्ट्झचा सूर काढणारा सिग्नल जनरेटर लावला. पन्नास हर्ट्झला सातपट, बरोबर. दहा हजारला एक पंचमांश हवा तिथे मीटर एक तृतीयांश दाखवत होता. मी मीटरला शिव्या घातल्या. शेजारच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून दुसरा मागून आणला. त्यानेही एक तृतीयांशच दाखवला.

घरी आलो तेव्हा बायको वॉशिंग मशीनमधून कपडे काढत होती. मशीनची शिटी बिघडलीय, कपडे झाले कळत नाही, अशी कुरकुर मी चार महिने करत होतो. त्या दिवशी नीट विचारलं. ती म्हणाली, "अहो, ती रोज वाजते. तुम्हीच लक्ष देत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला खोलीवर नेलं आणि जनरेटर स्पीकरला जोडला. आवाज ऐकू आला की बोट वर करायचं, एवढंच ठरलं. दोन हजारला दोघांची बोटं वर. चार हजारला तिचं आधी, माझं मी बटण पिळून आवाज मोठा केल्यावर. आठ हजारला तिने बोट वर केलं आणि लगेच दुसरा हात कानावर ठेवला, इतकं ते मोठं झालं होतं. माझ्यासाठी खोलीत फक्त पंखा होता. मी बटण आणखी पिळायला गेलो तर तिने माझा हात धरला आणि नको म्हणाली. मी रडलो. बाप गेला तेव्हाही तिने मला असं बघितलं नव्हतं.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून कागदावर आलेख काढून दिला. तिशीत आलेखाकडे बघून मी सर्किट ओळखायचो, तसा हाही ओळखला: उजवीकडे उतरत जाणारी रेघ. मी विचारलं, याच्या उलटं सर्किट लावता येईल का. ते म्हणाले, कानाचं मशीन लावू, बोलणं कळायला मदत होईल, पण जे मेलंय ते परत येत नाही. रेकॉर्डवरचा बारीक आवाज कुठेतरी जपून ठेवलेला असतो म्हणून तो सरळ करता येतो. माझ्यात काही ठेवलेलंच नव्हतं. मी इतकी वर्षं माझ्या कानांची भरपाई लोकांच्या डब्यांत करत आलो होतो, आणि कधीपासून, तेही मला ठाऊक नाही. कितीक घरांत ते डबे आज बशा खरवडत असतील. बरेच दिवस मी खोली उघडलीच नाही. हत्यारं विकून टाकावीत असं मनात यायचं, आणि मग आपल्याला दुसरं काय येतं, हेही.

शेवटी आंटींचा डबा टेबलावर होता म्हणून गेलो. दहाचा कपॅसिटर डाख देऊन बसवला. मीटरवर काटेकोर एक पंचमांश आला. ऐकलं, तर पुन्हा तीच गोधडी. दहाचा काढून पुन्हा साडेपाचचा लावायला हात शिवशिवत होता. तो काढला नाही, हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम.

मरोळला स्वतः घेऊन गेलो. आंटींनी सुई ठेवली. व्हायोलिन सुरू झालं तसे त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "हा तोच. व्हायोलिनचा गज उलटा फिरवताना तो जरा घासायचा. ऐकलंत?"

हो म्हणणं सोपं होतं. मी म्हणालो, "नाही, आंटी. मला ते ऐकू येत नाही. त्या दिवशी वय तुमच्या कानांचं नव्हतं, माझ्या कानांचं होतं."

त्यांनी सुई उचलली आणि तुकड्याच्या सुरुवातीला परत ठेवली. माझा हात ओढून टेबलावर पालथा ठेवला. मग दीड मिनिटभर, जिथे जिथे गज घासला, तिथे तिथे माझ्या मनगटावर एक बोट टेकवलं.